शिवाय, तसेंच, त्याचप्रमाणें



कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील शाळेंत मराठी शिकवीत असतां मीं नववीच्या वर्गाला निबंध घातला होता. विषय होता 'आमच्या गांवाची एक अडचण'. एका मुलीनें गांवच्या तळ्याविषयीं लिहिलें. अक्षर वळणदार, शुद्धलेखन निर्दोष, माहिती स्वतः डोळ्यांनीं पाहिलेली. आणि तरीही वाचून संपल्यावर माझ्या मनावर कांहींच ठसलें नाहीं. मीं दहांपैकीं चार गुण घातले, खालीं 'विस्कळित' असा एक शब्द लिहिला आणि मोकळा झालों. दुसऱ्या दिवशीं ती मुलगी वही घेऊन माझ्यापुढें उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, विस्कळित कोठें आहे तें दाखवाल का? आमचे आबा हा निबंध ग्रामसभेंत वाचून दाखविणार आहेत." तिची आई उन्हाळाभर ओढ्यापलीकडील विहिरीवरून पाणी आणीत असे. तेव्हां हा प्रश्न गुणांचा नव्हता. मीं वही हातांत घेतली, आणि मला बोट ठेवून दोष दाखवितां येईना. प्रत्येक वाक्य आपल्या जागीं बरोबर होतें.

तो निबंध आजही माझ्या ध्यानांत आहे. पहिल्या परिच्छेदांत तिनें लिहिलें होतें कीं गांवचें तळें फाल्गुनांतच आटतें आणि बायकांना दूरवर पाण्यासाठीं जावें लागतें. दुसरा परिच्छेद 'शिवाय' या शब्दानें सुरू झाला होता: शिवाय तळ्यांत पुष्कळ गाळ सांचला आहे. तिसरा 'तसेंच' नें: तसेंच टेकडीवरील झाडें तोडलीं गेलीं आहेत. चौथा 'त्याचप्रमाणें' नें: त्याचप्रमाणें तळ्यांतील गाळ शेताला घातला तर जमीन सुधारते. पांचवा 'इतकेंच नव्हे तर' नें: इतकेंच नव्हे तर गाळ काढावयास फार खर्च येतो आणि पंचायतीपाशीं पैसे नाहींत. सहावा 'किंबहुना' नें: किंबहुना एकदां काढलेला गाळ कांहीं वर्षांनीं पुन्हा सांचेल. आणि शेवटीं, अर्थातच, 'सारांश'.

आपणांपैकीं ज्यांनीं मुलांचे निबंध तपासले असतील, त्यांना ही शब्दमाळ परिचयाची वाटेल. ती मुलांनीं घरून आणलेली नसते. आम्हींच ती त्यांच्या गळ्यांत घालतों. मी विद्यार्थी असतांना आमच्या वर्गाच्या भिंतीवर इंग्रजी शब्दांचा एक तक्ता टांगलेला असे. त्यांत 'मोअरओव्हर', 'फर्दरमोअर', 'इन ॲडिशन' असे शब्द ओळीनें लिहिलेले होते आणि समोर त्यांचे मराठी प्रतिशब्द. परिच्छेदाच्या आरंभीं यांपैकीं एखादा शब्द घातला म्हणजे निबंध सुसंबद्ध होतो, असें आम्हांला सांगण्यांत आलें होतें, आणि शिक्षक झाल्यावर मींही तेंच सांगत आलों होतों. त्या मुलीनें माझीच शिकवण तंतोतंत पाळली होती आणि तिच्याबद्दल मीं तिचे सहा गुण कापले होते!

प्रथम मीं एक चुकीचा उपाय करून पाहिला. तो सांगतों, कारण तो बहुतेक सर्वच जण करतात. मीं तिला म्हटलें, "जोडशब्द बदलून पाहूं. 'शिवाय' ऐवजीं 'आणखी असें कीं' लिही, 'तसेंच' ऐवजीं 'तद्वत्' लिही." तिनें लिहिलें. निबंध अधिक भारदस्त झाला. सुसंबद्ध मात्र तसूभरही झाला नाहीं. तेव्हां कोठें मला संशय येऊं लागला कीं रोग शब्दांच्या पुनरुक्तीचा नसून दुसराच कांहीं आहे.

हे शब्द खरोखर काय सांगतात तें थोडें पाहूं. 'शिवाय' हा आपल्याकडे अरबी-फारशींतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ 'वगळून', 'सोडून'. 'तुझ्याशिवाय कोणी नाहीं' या वाक्यांत तो अर्थ अजून जिवंत आहे. म्हणजे परिच्छेदारंभीं जेव्हां आपण 'शिवाय' म्हणतों, तेव्हां आपण वाचकाला सांगतों कीं आतांपर्यंतचें राहूं द्या बाजूला, हें एक वेगळेंच घ्या. जोडण्याचें काम ज्याच्यावर सोंपविलें तो शब्द वस्तुतः मागचें सोडून देणारा आहे. 'तसेंच' आणि 'त्याचप्रमाणें' हे शब्द साम्य सांगतात: पुढील गोष्ट मागच्यासारखीच, त्याच जातीची आहे. 'इतकेंच नव्हे तर' ही एक चढण आहे. तिच्यानंतर मागच्याहून मोठी, त्याच दिशेची गोष्ट यावयास पाहिजे. 'किंबहुना' म्हणजे संस्कृतांत 'फार कशाला बोला'. तो शब्द नवी गोष्ट आणीत नाहीं, आधींचीच अधिक जोरानें सांगतो.

आतां या अर्थांनीं तो निबंध पुन्हा पाहा. टेकडीवरील झाडें तुटणें ही गाळ सांचण्यासारखी, त्याच जातीची गोष्ट आहे काय? मुळींच नाहीं; ती गाळाचें कारण आहे. उघड्या उतारावरची माती पावसाबरोबर वाहून तळ्यांत येते. 'तसेंच' या शब्दानें तो कार्यकारणभाव झांकून टाकला. 'इतकेंच नव्हे तर' नंतर खर्चाची गोष्ट आली, आणि ती तर तिच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी! चढण म्हणून पाऊल टाकावें आणि पायाखालीं उतार लागावा, तसें वाचकाचें होतें. त्या मुलीच्या निबंधांत विचार नव्हता असें नाहीं. विचार होता, पण प्रत्येक सांध्यावर एक चुकीची पाटी लावलेली होती. तिनें कारण सांगितलें तेव्हां वाचकाला वाटलें ही भर आहे. तिनें आक्षेप सांगितला तेव्हांही वाचकाला वाटलें ही भरच आहे. सगळीच जर भर, तर मग पोतें भरतें, युक्तिवाद होत नाहीं.

मग आम्हीं दोघांनीं बसून एक साधा प्रयोग केला. आरंभींचे सर्व जोडशब्द पेन्सिलीनें खोडले. नंतर एका कोऱ्या कागदावर प्रत्येक परिच्छेदाचें तात्पर्य एकेका वाक्यांत लिहिलें. तळें आटतें. गाळ सांचला आहे. झाडें तुटलीं. गाळ शेताला उपयोगी. खर्च फार. गाळ पुन्हा सांचेल. मग मीं तिला विचारलें, "यांतील कोणतींही दोन वाक्यें घे आणि सांग, एकीचा दुसरीशीं काय संबंध?" शब्द सुचवावयाचा नाहीं, नातें सांगावयाचें. तिला अर्धा तासही लागला नाहीं. गाळामुळें तळें आटतें. झाडें तुटल्यामुळें गाळ येतो. खर्च फार आहे असें पंचायत म्हणते. पण गाळ शेताला उपयोगी असल्यामुळें शेतकरी तो आपल्या गाड्यांनीं नेतील, तेव्हां वाहून टाकण्याचा खर्च वांचेल. म्हणजे चौथा परिच्छेद हा पांचव्याचें उत्तर होता, आणि तो प्रश्नाच्या आधींच येऊन बसला होता! तिसऱ्याचीही तीच गत. गाळ पुन्हा सांचेल या सहाव्या परिच्छेदांतील शंकेला उत्तर एकच: टेकडीवर पुन्हा झाडें लावा, उतारावर बांध घाला. म्हणजे झाडांचा परिच्छेद निबंधाच्या शेवटीं हवा होता.

अशा रीतीनें नवा क्रम आपोआप ठरला. तळें आटतें, त्याचें कारण गाळ, तो काढावयास खर्च येतो, तो खर्च शेतकऱ्यांमुळें हलका होतो, पण गाळ पुन्हा येईल, तो न यावा म्हणून टेकडीवर झाडें. तिच्या मजकुरांतील एकही गोष्ट आम्हीं गाळली नाहीं. नवीन घातली ती उतारावरील बांधांची एवढीच.

या क्रमाची परीक्षा कशी करावी तेंही सांगतों. लागोपाठच्या दोन परिच्छेदांची अदलाबदल करून मोठ्यानें वाचून पाहावें. पहिल्या निबंधांत दुसरा परिच्छेद चौथ्याच्या जागीं नेला असतां कोठेंही अडखळलें नाहीं. वाचकाला पत्ताही लागला नसता. नव्या निबंधांत खर्चाचें उत्तर खर्चाच्या आधीं वाचलें, तर ऐकणारा लगेच विचारील, हें कशाचें उत्तर? जेथें अदलाबदल खपते तेथें दोहोंपैकीं एक असतें: एक तर तीं खरोखर समान दर्जाचीं कारणें आहेत, नाहीं तर त्यांचें नातें लेखकानें शोधलेलेंच नाहीं.

परंतु क्रम लागला म्हणून सांधे जुळले असें होत नाहीं. नव्या क्रमानें लिहितांना तिनें काय केलें असेल? खर्चाचा परिच्छेद 'परंतु' नें, त्याचें उत्तरही 'परंतु' नें, पुन्हा शंका 'परंतु' नें, आणि तिचें समाधानही 'परंतु' नें! 'शिवाय' ची जागा 'परंतु' नें घेतली. 'शिवाय' निरुपद्रवी तरी असतो. 'परंतु' वाचकाला मागें वळवितो. चार वेळां वळविल्यावर त्याला आपलें तोंड कोणत्या दिशेला आहे हेंच कळेनासें होतें. येथें मला आपल्या जुन्या शास्त्रकारांची आठवण झाली. ते पूर्वपक्ष मांडतात तो कोणाच्या तरी तोंडीं घालून मांडतात, आणि त्याचें निरसन स्वतः करतात. त्यामुळें बोलणारा कोण आहे यावरूनच विरोध समजतो. मीं तिला तसें करण्यास सांगितलें. तिनें लिहिलें: "पंचायतीचें म्हणणें असें कीं हा गाळ उचलण्याइतका पैसा गांवापाशीं नाहीं." पुढील परिच्छेद असा सुरू झाला: "हा पैसा मुख्यतः गाळ वाहून नेण्यासाठीं लागतो, आणि नेणारे तर गांवांतच आहेत." दोन्ही ठिकाणीं 'परंतु' नाहीं, तरी विरोध स्पष्ट आहे.

या दुसऱ्या वाक्यांतील 'हा पैसा' या दोन शब्दांकडे आपण लक्ष द्यावें. मागचा परिच्छेद जेथें संपला तो पदार्थ उचलून तिनें नव्या परिच्छेदाच्या पहिल्या जागेवर ठेवला आणि मग नवी गोष्ट सांगितली. आपल्या भाषेंत सांधा बसतो तो येथें. वाक्याच्या आरंभीं वाचकाला ठाऊक असलेलें ठेवावें आणि शेवटाकडे नवें आणावें. 'हा', 'तो', 'असा', 'एवढा' हीं आपलीं साधीं दर्शक सर्वनामें आणि विशेषणें तें काम भारदस्त जोडशब्दांपेक्षां किती तरी सरस करतात. एक सावधगिरी मात्र पाहिजे. नुसतें 'हें' किंवा 'यामुळें' म्हणून भागत नाहीं; यामुळें म्हणजे कशामुळें, असा प्रश्न उरतां कामा नये. 'हा पैसा', 'ही माती', 'अशी अडचण' असें नाम जोडून म्हटलें कीं गांठ पक्की बसते.

याहूनही लहान अशीं कांहीं साधनें मराठीपाशीं आहेत आणि त्यांचा आम्हां शिक्षकांना विसर पडतो. 'गाळ काढणें शक्य आहे. शिवाय तें स्वस्त आहे' असें लिहिण्याऐवजीं 'गाळ काढणें शक्य आहे आणि तें स्वस्तही आहे' असें म्हणावें. एका 'ही' नें 'शिवाय' चें सारें काम केलें, आणि भर नेमकी कशांत पडली तेंही दाखविलें; 'शिवाय' तें कधींच दाखवूं शकत नाहीं. तीच गोष्ट 'मात्र' ची. 'परंतु' हा वाक्याच्या दारांत उभा राहून ओरडतो. 'मात्र' आंत येऊन ज्या शब्दावर भार द्यावयाचा त्याच्या शेजारीं बसतो. 'विहिरी आटल्या, तळें मात्र भरलें होतें.' फरक कशांत आहे हें ऐकणाऱ्याला त्या क्षणींच कळतें. 'च' आणि 'तर' यांचेंही तसेंच. हीं अव्ययें इतकीं घरगुती आहेत कीं तीं निबंधांत शोभत नाहींत असें मुलांना वाटतें, आणि तीं त्यांच्याऐवजीं इंग्रजीच्या मापानें बेतलेलीं लांबलचक पदें घालतात.

परिच्छेदांच्या नात्यांचा विचार आपल्याकडे पूर्वीं झालेला नाहीं असें कोणी समजूं नये. नैयायिकांनीं त्यालाच 'संगति' म्हटलें आहे आणि तिचे सहा प्रकार मानले आहेत: प्रसंग, उपोद्घात, हेतुता, अवसर, निर्वाहकैक्य आणि कार्यैक्य. शेवटले दोन आपण आज सोडून देऊं. दोन गोष्टींचा साधक एक असणें किंवा त्यांचें कार्य एक असणें, एवढा त्यांचा स्थूल अर्थ. पण पहिले चार कोणत्याही निबंधकाराच्या रोजच्या उपयोगाचे आहेत. एक गोष्ट दुसरीचें कारण असेल तर ती हेतुता. गाळ आणि झाडें यांचें नातें हेंच. मुख्य गोष्ट समजण्यासाठीं जें आधीं सांगणें भाग आहे तो उपोद्घात. एक विषय निघाल्यावर जो सहज आठवतो आणि ज्याची उपेक्षा करून चालत नाहीं तो प्रसंग. आणि आधीं ज्याची जिज्ञासा होती तें सांगून झाल्यावर ज्याची पाळी येते तो अवसर. खर्चाची शंका मिटल्यावरच 'गाळ पुन्हा आला तर?' ही शंका विचारण्याजोगी होते. त्याआधीं ती विचारण्यांत अर्थ नाहीं. हा अवसर. लक्षांत घ्या, या सहांत 'आणि हेंही एक' अशा नुसत्या भरीला कोठेंच स्थान नाहीं. पुढील गोष्ट आतांच कां सांगतां, या प्रश्नाला उत्तर असलें पाहिजे. तें उत्तर म्हणजे संगति.

या सर्वावरून 'शिवाय' आणि 'तसेंच' यांना भाषेंतून हद्दपार करावें असें माझें म्हणणें नाहीं. कारणें कधीं कधीं खरोखरच समान दर्जाचीं असतात. अशा वेळीं संख्या आधींच सांगून टाकावी: 'याचीं तीन कारणें आहेत.' मग पहिलें, दुसरें, तिसरें असें सरळ म्हणावें. वाचक मनांत तीन खुंट्या ठोकतो आणि त्यांवर एकेक अडकवीत जातो. त्याचप्रमाणें, आणि येथें मीं हा शब्द जाणून वापरला आहे, मागच्या परिच्छेदांतील शब्द उचलण्याचा प्रकारही अति होऊं शकतो. प्रत्येक परिच्छेद जर 'हा गाळ', 'हा पैसा', 'हीं झाडें' असाच सुरू होऊं लागला, तर अंत्याक्षरीच्या भेंड्या चालल्या आहेत असें वाटूं लागतें. जेथें नातें अगदीं उघड आहे, उदाहरणार्थ प्रश्नानंतर त्याचें उत्तर येत आहे, तेथें कोणताही सांधा नको. नुसता नवा परिच्छेद पुरे. आणखी एक फरक आपणां श्रोत्यांच्या बाबतींत करावा लागतो. छापील निबंधाचा वाचक मागचें पान उलटून पाहूं शकतो. नभोवाणीवरील भाषण ऐकणाऱ्याला ती सोय नाहीं. म्हणून 'आतां', 'येथें', 'तर मग' अशा खुणा मीं आज लेखांत घातल्या असत्या त्यापेक्षां अधिक घातल्या आहेत, त्याबद्दल क्षमा असावी.

तो निबंध आबांनीं ग्रामसभेंत वाचला, त्या दिवशीं मीही मागें बसलों होतों. वाचन चालू असतां एका वृद्ध शेतकऱ्यानें मध्येंच विचारलें, "पण पुन्हा गाळ भरला म्हणजे काय?" आबा म्हणाले, "तेंच पुढें आहे," आणि त्यांनीं पान उलटलें. पुढें काय काय झालें ती हकीकत लांबची आहे. तळ्यावर फावडीं पडलीं तीं पुढच्या वर्षीं, वैशाखांत, तळें कोरडें असतांना. सुधारलेला निबंध मीं त्या मुलीकडून मागून घेतला आणि पुन्हा तपासला. त्यांत शेवटून दुसऱ्या परिच्छेदांत एक 'शिवाय' राहून गेला होता: शिवाय तळ्यांत पाणी राहिलें तर गुरांनाही दूर न्यावें लागणार नाहीं. मीं तांबडी पेन्सिल उचलली आणि तिला विचारलें, "हा कां ठेवलास?"

ती म्हणाली, "गुरुजी, बाकीचें सगळें गाळाबद्दल आहे. हें खरोखरच वेगळें आहे."

मीं पेन्सिल खालीं ठेवली.